पेंडीतले पान ओळखताना

पालेभाजीच्या फोटोत सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो रंग, आणि भाजी ओळखायला सर्वांत कमी उपयोगाचाही तोच. बाजारात डोक्यावर निळी ताडपत्री ताणलेली असेल तर पालक काळपट दिसतो, पिवळ्या ताडपत्रीखाली तीच पेंडी पोपटी होते आणि तांबड्या कापडाच्या सावलीत हिरवा माठ लाल माठाच्या जवळ जाऊन बसतो. मोबाइलचा कॅमेरा त्यावर आपल्या हिशेबाने हिरवा रंग आणखी चढवतो. शिवाय भाजी टवटवीत दिसावी म्हणून तिच्यावर सतत पाणी शिंपडले जाते. ओले पान चमकते, आणि एरवी ज्याच्यावर पांढरट भुकटीसारखा थर असतो तो चाकवतही फोटोत पालकासारखा तुकतुकीत वाटतो. म्हणून फोटो पाहताना रंग बाजूला ठेवून तीन गोष्टी शोधाव्या लागतात: पान देठाला कसे जोडले आहे, पानाची कड कशी आहे आणि पेंडीच्या खालच्या टोकाला काय आहे, मुळे की कापलेले देठ.

त्याआधी एक प्रश्न मात्र विचारून घ्यावा: फोटो कोणत्या महिन्यातला आहे? कोयनानगरसारख्या गावात या प्रश्नाचे उत्तर अर्धे काम करून टाकते. पाटण तालुक्यातले हे गाव कराड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटाच्या अलीकडे आहे. पावसाळ्यात इथे पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात मेथीचे वाफे टिकत नाहीत. रोपे पिवळी पडतात, मुळे कुजतात आणि पानांना चिखल चिकटतो तो वेगळाच. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात इथल्या टोपल्यांत डोंगरावरून आणि बांधांवरून खुडलेल्या रानभाज्या दिसतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, रानातला अळू. दिवाळीनंतर चित्र पालटते. गावाजवळच्या धरणाच्या खाली कोयना नदी पाटणवरून कराडकडे जाते आणि तिथे कृष्णेला मिळते. या पट्ट्यातल्या बागायती जमिनीतली मेथी, पालक, माठ, चाकवत आणि चुका हिवाळाभर बाजारात दिसतात. जुलैतल्या फोटोत हिरव्यागार ‘मेथी’चा ढीग दिसला तर शंका घ्यावी. डिसेंबरात तोच ढीग बहुधा खरोखर मेथीचाच असतो.

एकमेकींसारख्या दिसणाऱ्या या भाज्यांचा घोळ सोडवताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. त्यांतल्या बहुतेक दोनच घराण्यांतल्या आहेत. मेथी शेंगवर्गातली, म्हणजे हरभरा आणि वाटाण्याच्या नात्यातली. ज्याची मेथीशी गल्लत होते तो टाकळाही शेंगवर्गातलाच, आणि जनावरांना घालतात तो लसूणघासही. पालक, माठ, तांदुळजा, राजगिरा, चाकवत आणि कुर्डू या सगळ्या माठाच्या कुळातल्या. पूर्वी पालक आणि चाकवत यांचे कूळ वेगळे मानत. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडच्या वर्गीकरणात ते माठाच्या कुळातच सामावून घेतले आहे. सख्ख्या-चुलत भावंडांचे चेहरे मिळतेजुळते असावेत तसेच हे आहे. त्यामुळे गल्लत मेथी आणि पालक यांच्यात सहसा होत नाही, ती बहुधा प्रत्येक घराण्याच्या आत होते.

मेथीचे पान म्हणून आपण जे बोट ठेवून दाखवतो ते खरे तर एका पानाचा तिसरा हिस्सा असतो. एका देठावर तीन छोटी पाने, म्हणजे तीन पर्णिका मिळून मेथीचे एक पान होते. प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद असते. वरच्या अर्ध्या भागाच्या कडेला अगदी बारीक दाते असतात, खालच्या अर्ध्या भागाची कड साधी राहते. फोटो मोठा करून पाहिला तर हे दाते दिसतात. कांडे फिकट हिरवे, मऊ आणि गोल असते. पेरणीनंतर साधारण पंचवीस-तीस दिवसांत मेथी मुळासकट उपटतात, म्हणून पेंडीच्या खालच्या बाजूला पांढरी बारीक मुळे लोंबताना दिसतात आणि बऱ्याचदा त्यांना माती चिकटलेली असते. पेंडीच्या शेंड्यांत कुठे पिवळसर पांढरी बारीक फुले डोकावत असतील तर मेथी जून झाली आहे असे समजावे. तिची कांडी चरचरीत लागतात आणि कडूपणा वाढलेला असतो.

लसूणघासालाही तीन पर्णिका असतात, पण त्या लांबट आणि अरुंद असतात आणि दाते फक्त टोकापाशी असतात. कांडी बारीक पण चिवट असतात. मुख्य म्हणजे हा चारा विळ्याने कापतात, म्हणून भाऱ्याला मुळे नसतात. भाजीबाजाराच्या फोटोत तो क्वचितच येतो. रस्त्याकडेला चारा विकणाऱ्याचा फोटो असेल तेव्हाच त्याची आठवण ठेवावी.

टाकळ्याची गोष्ट वेगळी आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर पडीक जमिनीवर आणि रस्त्याच्या कडेने त्याची रोपे दाट उगवतात. कोवळा टाकळा टोपलीत भरला की लांबून मेथीच वाटते: तसाच गोलसर आकार, तसाच हिरवेपणा. फरक मोजण्याचा आहे. मेथीच्या देठाच्या टोकावर एक पर्णिका असते आणि तिच्या खाली दोन, म्हणजे एकूण तीन. टाकळ्याच्या देठावर पर्णिका जोडीने येतात, बहुधा तीन जोड्या, आणि टोकाला एकटी पर्णिका कधीच नसते. शेवटची जोडी सर्वांत मोठी असते. थोडक्यात, संख्या विषम आली तर मेथी आणि सम आली तर टाकळा. टाकळ्याच्या कडेला दातेही नसतात. आणखी एक खूण संध्याकाळच्या फोटोत सापडते. दिवस मावळू लागला की टाकळ्याच्या पर्णिका जोडीजोडीने मिटतात. दुपारी पसरलेला दिसणारा ढीग सायंकाळी मिटलेला दिसला तर ती भाजी शिळी झालेली नाही, हा तिचा स्वभावच आहे. कासविंदा नावाचे टाकळ्याचे भावंडही त्याच जागी उगवते. त्याच्या पर्णिका टोकदार असतात आणि जोड्या चार ते सहा भरतात. टाकळ्याची पर्णिका मात्र टोकाला बोथट, गोलसर असते.

ओळख पक्की झाली की स्वयंपाकाचा मार्गही ठरतो, कारण कडूपणा, पाणी आणि आंबटपणा या तीन बाबतींत या भाज्या एकमेकींहून अगदी निराळ्या आहेत. मेथीचा प्रश्न कडूपणाचा आहे. निवडताना पाने आणि वरची कोवळी डेखे घ्यायची, खालची जाड कांडी टाकून द्यायची. मुळासकट उपटलेली भाजी असल्याने माती भरपूर निघते. मोठ्या पातेल्यात पाने बुडवून वरच्यावर उचलून काढावीत. पाणी ओतून दिले तर तळाची रेती पुन्हा पानांत येते. हे दोन-तीनदा करावे लागते. चिरलेली पाने चार वाट्या असतील तर त्यांना मोठे दोन चमचे तेल, ठेचलेल्या लसणाच्या सात-आठ पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या, एक कांदा आणि अर्धा तास भिजवलेली दोन चमचे मूगडाळ पुरते. फोडणीत लसूण तांबूस झाला की मिरची आणि कांदा, मग डाळ घालून ती अर्धी शिजू द्यायची, आणि शेवटी मेथी. कढईवर झाकण ठेवायचे नाही. पाने सुटलेल्या पाण्यातच शिजतात आणि ते पाणी आटले की भाजी मोकळी होते. मीठ अगदी शेवटी घालावे, कारण चार वाट्या मेथी आटून जेमतेम एक वाटी उरते आणि सुरुवातीच्या ढिगाकडे बघून घातलेले मीठ हमखास जास्त होते. मूगडाळ इथे भर म्हणून येत नाही, ती कडूपणा पोटात घेते. ज्यांना कडूपणाच हवा असतो ते मेथी शिजवतच नाहीत. कोवळी पाने बारीक चिरून त्यांत कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल कालवले की घोळाणा होतो. तो भाकरीबरोबर खातात. जून मेथीचा घोळाणा मात्र होत नाही.

टाकळा फुलण्याआधीच खुडावा लागतो. अगदी कोवळी पाने धुऊन, चिरून थेट फोडणीत घालता येतात. थोडा जून झालेला टाकळा आधी पाण्यात उकळून, पिळून घेतला की त्याचा उग्र वास कमी होतो. पुढची कृती लसूण, कांदा, मिरची आणि वरून ओले खोबरे एवढीच. घाटाखाली कोकणात त्यात फणसाच्या आठळ्याही घालतात. मूगडाळ इथेही चालते. टाकळ्याची भाजी मेथीच्या भाजीहून मऊ होते आणि तिला ओळखीचा मेथीचा वास नसतो. ताटात वाढल्यावरही मेथी आणि टाकळा यांतला फरक पहिल्या घासाला कळतो.

पालक ओळखणे सोपे वाटते, आणि पेंडी पूर्ण दिसत असेल तर ते सोपेच असते. पालकाला बाजारात आणताना कांडे नसते. रुंद, गुळगुळीत, अखंड कडेची पाने आणि त्यांचे लांब, जाडसर, फिकट देठ हे सारे एकाच बुंध्यातून आलेले असते. पेरणीनंतर महिन्याभराने पहिली कापणी होते आणि मग दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पाने कापतात. त्यामुळे कापलेल्या पालकाच्या पेंडीखाली मुळे नसतात, फक्त कापलेल्या देठांची टोके दिसतात. काही जण कोवळी रोपे मुळासकटही उपटतात. तरीही मधे कांडे नाही ही खूण कायम राहते.

आपल्याकडे बाजारात ‘पालक’ म्हणून जे मिळते ते बऱ्याचदा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बीटच्या जातीतले असते. महाराष्ट्रात सर्रास लावला जाणारा ‘ऑलग्रीन’ हा वाण त्यातलाच. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत पालकाचे पान खालच्या बाजूला दोन टोके काढून बाणासारखे दाखवलेले असते. कोयनानगरच्या टोपलीतल्या पालकाला ती टोके नसली म्हणून तो पालक नव्हे असे नाही. बीटच्या पाल्याशी मात्र त्याची गल्लत होऊ शकते. बीटचे देठ आणि शिरा गर्द लाल असतात, पालकाचे देठ फिकट हिरवे असतात.

पालकाजवळ फोटोत बहुधा चुका असतो, आणि नवशिक्याची खरी चूक इथे होते. चुक्याची पाने लहान, मांसल, पोपटी आणि तळाशी रुंद, साधारण त्रिकोणी असतात. देठ बारीक आणि रसरशीत असतात. पानाच्या तळाशी दोन्ही बाजूंना कोन दिसले आणि पान तळहाताहून पुष्कळ लहान असले की चुका समजावा. तो पालक-माठाच्या कुळातला नाही, त्याचे घराणे निराळे आहे आणि चवही आंबट. पालक समजून दोन पेंड्या चुका शिजवला तर भाजी तोंडात घेववत नाही. उलट एक पेंडी पालकात मूठभर चुका घातला तर चिंच घालायची गरज राहत नाही.

चाकवताची ओळख पानाच्या कडेवरून आणि शेंड्यावरून होते. त्याच्या पानांना मोठे, अनियमित दाते असतात. पाने कांड्यावर एकाआड एक लागलेली असतात आणि कोवळ्या शेंड्यावर व पानाच्या मागच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखा पांढरट थर असतो. पाणी शिंपडल्यावर तो फोटोत दिसेनासा होतो हे वर आलेच आहे. अशा वेळी पेंडीत एखादे पान उलटे पडले आहे का ते शोधावे. मागची बाजू सहसा कोरडी राहते.

पालकाला पाणी फार, चव सौम्य आणि पानात ऑक्झॅलिक आम्ल बरेच. जेवल्यावर दातांवर खडूसारखा थर जाणवतो तो याच आम्लामुळे. पाने उकळून ते पाणी टाकून दिले की ते काही प्रमाणात कमी होते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टर पालक आणि माठ बेताने खायला सांगतात त्याचे कारणही हेच. साताऱ्याकडच्या घरांत पालकाची पातळ भाजी होते. पाव वाटी हरभराडाळ आणि तेवढेच शेंगदाणे तीन तास भिजवून, शिजवून घ्यायचे. चिरलेला पालक चार वाट्या घेऊन थोड्या पाण्यात दोन-तीन मिनिटे शिजवायचा आणि डावाने किंवा रवीने घोटायचा. एक वाटी ताज्या, फार आंबट नसलेल्या ताकात दोन चमचे बेसन गुठळ्या न ठेवता कालवून ते पालकात मिसळायचे आणि ढवळत ढवळत उकळी आणायची. बेसन विसरले तर उकळताना ताक फाटते आणि भाजीवर पांढरे कण तरंगतात. डाळ-शेंगदाणे, मीठ आणि गुळाचा खडा घालून वर तेलात लसूण, मोहरी, हिंग आणि सुक्या मिरच्यांची चुरचुरीत फोडणी द्यायची. चाकवताची भाजीही अशीच ताकात होते, आणि पुष्कळांच्या मते तिला ताक अधिक शोभते.

पालकाचा हिरवा रंग टिकवायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पानातल्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आंबट पदार्थात तापवले की तो निघून जातो आणि हिरव्याचा मळका तपकिरी होतो. पानांतली आम्ले वाफेबरोबर बाहेर पडतात, पण झाकण ठेवले की ती थेंबांतून परत भाजीत उतरतात. म्हणून पालक उघड्या भांड्यात, थोडा वेळच शिजवावा आणि ताक, चिंच, टोमॅटो शेवटी घालावे. सगळ्या पालेभाज्या एकत्र घोटून गरगट्टे करताना त्यात चुका असतोच, म्हणून गरगट्ट्याचा रंग नेहमी मळका येतो. ते बिघडले असे कुणी म्हणत नाही.

माठाच्या भावंडांत मात्र खरा गुंता आहे. लाल माठ, हिरवा माठ, तांदुळजा, पोकळा, राजगिरा ही नावे एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गेली की थोडी इकडची तिकडे होतात. एके ठिकाणी जो पोकळा म्हणून विकतात त्याला शेजारच्या तालुक्यात हिरवा माठ म्हणतात. फोटोवरून या साऱ्यांचे ‘माठवर्गीय’ एवढे निदान पक्के करता येते, आणि स्वयंपाकाला तेवढे पुरते. त्यांच्या पानाचा देठ लांब असतो, पान अंडाकृती किंवा पतंगासारखे चौकोनी असते, शिरा पानाच्या वरच्या बाजूने खोल रुतलेल्या दिसतात आणि कड अखंड असते. पाने कांड्यावर एकाआड एक लागतात. इथेच पालकाशी फरक आहे: माठाला कांडे असते, पालकाला नसते. माठही महिन्याभरात मुळासकट उपटतात. लाल माठाच्या मुळापर्यंत गुलाबी छटा उतरलेली असते. तांदुळज्याची पाने लहान असतात आणि बारकाईने पाहिले तर टोकाला छोटीशी खाच दिसते. शेंड्यावर मोठा, भरगच्च तुरा निघालेला असेल तर तो राजगिरा, आणि तो भाजीसाठी उशिरा आला आहे. पानाच्या बगलेत टोकदार काटे दिसले तर तो काटेमाठ. तोही कोवळा असताना खातात, पण निवडताना बोटे सांभाळावी लागतात.

पावसाळ्यात या गर्दीत कुर्डू मिसळते. तिची कोवळी रोपे हिरव्या माठासारखीच दिसतात. फरक देठाचा. माठाच्या पानाला लांब, स्पष्ट देठ असतो. कुर्डूचे पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखे असते आणि निमुळते होत जवळजवळ थेट कांड्यालाच टेकते. कांड्यावर बऱ्याचदा तांबूस रेघा असतात. पाऊस ओसरताना ती गुलाबी-पांढरे तुरे काढते. तेव्हा ओळखायला काही अडचण नसते, पण तेव्हा ती खायच्या कामाचीही राहिलेली नसते.

माठ लवकर शिजतो. चिरलेला माठ लसूण, मिरची आणि कांद्याच्या फोडणीत सात-आठ मिनिटांत होतो. वर ओले खोबरे किंवा शेंगदाण्याचे कूट घालतात. लाल माठ चिरण्याआधीच धुवावा. त्याचा लाल रंग पाण्यात विरघळणारा असतो, आणि चिरून धुतला तर तो पाटावरून मोरीत वाहून जातो. शिजतानाही भाजीला गुलाबी पाणी सुटते. ते आटवून भाजीतच जिरवायचे. माठाचे जाड देठ फेकून देऊ नयेत. वरची धाग्याची साल सोलून, बोटभर तुकडे करून ते डाळीत किंवा आमटीत शिजवतात. उकडून, कुस्करून दह्यात कालवले की देठी होते. कुर्डूची कृती माठासारखीच, फक्त शिजायला थोडा अधिक वेळ घेते आणि मूगडाळीबरोबर बरी लागते. कोयनेच्या डोंगराळ भागात हे सारे नाचणीच्या किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर खातात.

आता एका फोटोवर हे सारे लावून पाहता येईल. समजा जानेवारीतला फोटो आहे. जमिनीवर गोणपाट, त्यावर पाच ढीग, वर निळी ताडपत्री. डावीकडच्या ढिगात पेंड्यांची टोके प्रेक्षकाकडे आहेत आणि पांढरी मुळे दिसतात. पाने छोटी, गोलसर. मोठे करून पाहिल्यावर तीन-तीनचे गट आणि वरच्या कडेला दाते: मेथी. शेजारी काळपट, मोठी पाने, जाड फिकट देठ, मुळे नाहीत, कांडे नाही: पालक. ताडपत्रीमुळे काळपट दिसतो इतकेच. तिसऱ्या ढिगाचाही रंग तसाच काळपट, म्हणून तोही पालक वाटतो. पण पेंडीच्या मधून जाड कांडी वर गेलेली दिसतात आणि प्रत्येक पान लांब देठाने त्यांना लागले आहे. हा माठ. लाल की हिरवा हे पानांच्या रंगावरून सांगणे या उजेडात धोक्याचे, पण मुळांजवळ गुलाबी छटा आहे, म्हणून लाल माठ. चौथ्या ढिगातली पाने लहान, पोपटी, तळाशी कोन असलेली: चुका. पाचवा ढीग मागे आहे, धूसर, आणि पाण्याने चमकतो आहे. कांडी दिसतात, म्हणजे पालक नाही. एका उलट्या पानाची मागची बाजू पांढरट आणि कडा दातेरी आहे: चाकवत. ते एक पान उलटे पडले नसते तर या ढिगाबद्दल ‘माठ किंवा चाकवत’ यापलीकडे काही म्हणता आले नसते, आणि तसेच म्हणणे योग्य ठरले असते.

फोटोत वास आणि चव येत नाहीत, आणि पालेभाजीत काही वेळा निर्णय तिथेच होतो. शेतातून आलेल्या पेंडीत तणही येते. त्यातले धोतऱ्याचे तण सर्वांत घातक. 2022 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात पाकिटबंद कोवळ्या पालकात धोतऱ्याच्या जातीचे तण मिसळले गेले आणि शंभराहून अधिक लोक आजारी पडले. त्यांना भास होत होते, तोंड कोरडे पडत होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. धोतऱ्याच्या पानाची कड वेडीवाकडी, मोठ्या दात्यांची असते, पानाच्या तळाच्या दोन बाजू समान पातळीवर नसतात आणि चुरगाळले की उग्र वास येतो. अखंड कडेच्या पालकात किंवा माठात असे एकही पान दिसले तर ते पेंडीतून काढून टाकावे आणि उरलेली भाजी एकेक पान बघून निवडावी. रानभाजीच्या बाबतीत तर फोटोवरची ओळख ही फक्त पहिली पायरी असते. टाकळा किंवा कुर्डू खुडून आणणाऱ्या, दरवर्षी ती खाणाऱ्या माणसाने ती हातात घेऊन सांगितल्याशिवाय शिजवू नये.

ओळखीसाठी दुसऱ्याकडे फोटो पाठवायचा असेल तर ढिगाचा फोटो फारसा कामाचा नसतो. एक फांदी पेंडीतून काढून, पाणी झटकून, ताडपत्रीबाहेरच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवावी. एक पान सुलटे, एक उलटे, आणि पान कांड्याला जिथे लागते तो भाग स्पष्ट दिसेल असा जवळून एक फोटो घ्यावा. शेजारी काडेपेटी किंवा नाणे ठेवले की आकार कळतो. पेंडीच्या खालच्या टोकाचा एक वेगळा फोटो असावा. चिरलेल्या किंवा वाळवलेल्या पाल्याचा फोटो कितीही स्वच्छ आला तरी त्यात पर्णिकांची संख्या, देठाची लांबी आणि मुळे यांतले काहीच शिल्लक नसते, त्यामुळे त्यावरून भाजीचे नाव सांगता येत नाही.